नवसागराचं पाणी आम्लधर्मी का, सोडियम ॲसिटेटचं आम्लारिधर्मी का?

"मॅडम, कागद बदलतच नई!"

चोपडा तालुक्यातल्या एका गावात मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते. त्या दिवशी टेबलावर तीन चंचुपात्रं होती. एकात मीठ, दुसऱ्यात नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड आणि तिसऱ्यात सोडियम ॲसिटेट. पुस्तकानुसार मिठाच्या पाण्याचा सामू सात यायला हवा, नवसागराचा पाचच्या आसपास आणि ॲसिटेटचा नऊच्या आसपास. सामू म्हणजे पीएच. जमिनीची तपासणी केलेल्या प्रत्येक घरात हा शब्द माहीत असतो, म्हणून वर्गातही मी तोच वापरते. पण पात्रांत बुडवलेले सामू दाखवणारे आमचे तिन्ही कागद हिरवेच, म्हणजे सातच्या आसपासच राहिले. ॲसिटेटचा किंचित निळसर वाटत होता, तोही निरखून पाहिल्यावर. मुलांनी वहीत आधीच "आम्लधर्मी" आणि "आम्लारिधर्मी" लिहून ठेवलं होतं. समोरचा कागद मात्र तसं काही सांगत नव्हता.

चूक माझी होती. ती कुठे झाली ते पुढे सांगते, कारण आधी हे दोन क्षार पाण्यात काय करतात ते नीट कळलं पाहिजे. त्याशिवाय चूकही कळणार नाही.

मुलांना पाठ असलेला नियम असा: तीव्र आम्ल आणि सौम्य आम्लारी यांचा क्षार आम्लधर्मी, सौम्य आम्ल आणि तीव्र आम्लारी यांचा क्षार आम्लारिधर्मी. नियम बरोबर आहे. अडचण एवढीच की तो क्षाराच्या आईबापांबद्दल बोलतो आणि पाण्यात आईबाप कुठेच नसतात. नवसागर पाण्यात पडला की त्याचे दोन सुटे आयन होतात, NH₄⁺ आणि Cl⁻. सोडियम ॲसिटेटचे होतात Na⁺ आणि CH₃COO⁻. आता प्रत्येक आयनाला वेगवेगळं समोर उभं करायचं आणि एकच विचारायचं: तुला पाण्याशी प्रोटॉनची देवघेव करायची आहे का?

प्रोटॉन म्हणजे इथे H⁺. आम्ल तो देतं आणि आम्लारी तो घेते. या प्रकरणात याहून मोठी व्याख्या लागत नाही.

क्लोराइडपासून सुरू करू. क्लोराइडने प्रोटॉन घेतला तर HCl तयार होईल. पण HCl पाण्यात पडताच आपला प्रोटॉन जवळजवळ पूर्णपणे सोडून देतं, म्हणून तर आपण त्याला तीव्र आम्ल म्हणतो. ज्याने प्रोटॉन इतक्या सहज टाकून दिला, तो क्लोराइड पाण्याकडून तोच प्रोटॉन मागून परत घेणार नाही. सोडियमजवळ द्यायला प्रोटॉन नाही आणि घ्यायची इच्छाही नाही. म्हणजे Na⁺ आणि Cl⁻ हे दोघे पाण्यात नुसते फिरत राहतात. मिठाच्या पाण्याचा सामू सात राहतो तो यामुळे.

अमोनियमची गोष्ट वेगळी. NH₄⁺ म्हणजे एक प्रोटॉन उचललेला अमोनिया. अमोनिया सौम्य आम्लारी आहे, म्हणजे प्रोटॉनवरची त्याची पकड मध्यम आहे. शेजारी पाण्याचे असंख्य रेणू असतात आणि मधूनच एखादा अमोनियम त्यांच्यापैकी एकाला आपला प्रोटॉन देऊन टाकतो:

NH₄⁺ + H₂O ⇌ NH₃ + H₃O⁺

उजवीकडचा H₃O⁺ पाण्याला आम्लधर्मी करतो. या क्रियेचं नाव जलापघटन, म्हणजे पाण्याचं तुटणं, पण इथे पाणी तुटत नाही. ते फक्त प्रोटॉन झेलतं. नाव जुनं आहे, तेव्हा प्रोटॉनच्या देवघेवीचं आजचं चित्र नव्हतं. मला हे नाव खटकतं, कारण मुलं त्यावरून उगाच पाण्याचे दोन तुकडे डोळ्यांसमोर आणतात.

पाणी खरोखर तुटतं ते ॲसिटेटच्या बाबतीत. ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, सौम्य आहे. लिटरला ०.१ मोल तीव्रतेच्या द्रावणात त्याच्या हजार रेणूंपैकी साधारण तेराच प्रोटॉन सोडतात, बाकीचे धरून बसतात. दुसऱ्या बाजूने बघितलं तर याचा अर्थ असा की ॲसिटेटला प्रोटॉन आवडतो. सोडियम ॲसिटेटच्या पाण्यात आम्ल घातलेलंच नसतं, तेव्हा तो प्रोटॉन आणणार कुठून? पाण्याकडूनच:

CH₃COO⁻ + H₂O ⇌ CH₃COOH + OH⁻

पाण्याच्या रेणूतला एक प्रोटॉन ॲसिटेटकडे गेला की OH⁻ मागे उरतो. द्रावण आम्लारिधर्मी होतं ते त्या OH⁻ मुळे.

हेच समीकरण अनेक वह्यांमध्ये असं लिहिलेलं असतं: CH₃COONa + H₂O → CH₃COOH + NaOH. एका मुलीने त्यावर फार नेमका प्रश्न विचारला होता. आम्ल आणि कॉस्टिक सोडा दोन्ही तयार झाले, तर ते एकमेकांना लगेच मारून परत क्षार का होत नाहीत? होतातच की. क्रिया दोन्ही दिशांनी एकाच वेळी चालू असते आणि थोडंसं आम्ल व थोडासा OH⁻ कायम शिल्लक राहतो. म्हणून एकेरी बाण काढून दुहेरी काढायचा. आणि NaOH लिहायचंच नाही, कारण सोडियम या व्यवहारात नाहीच. तो आधीही सुटा होता, नंतरही सुटाच आहे.

थोडंसं म्हणजे किती, ते एकदा आकड्यात बघितलेलं बरं. पाव लिटर पाण्यात १.३४ ग्रॅम नवसागर विरघळवला की लिटरला ०.१ मोल इतकी तीव्रता होते. अमोनियाचा आम्लारी स्थिरांक १.८ × १०⁻⁵ आहे. अमोनियमचा आम्ल स्थिरांक काढायला पाण्याच्या आयनिक गुणाकाराला, म्हणजे १०⁻¹⁴ ला, त्याने भागायचं. उत्तर ५.६ × १०⁻¹⁰. जितके अमोनियम प्रोटॉन देतात तितकेच H₃O⁺ आणि तितकाच अमोनिया तयार होतो. म्हणून H₃O⁺ ची तीव्रता म्हणजे ५.६ × १०⁻¹⁰ गुणिले ०.१ याचं वर्गमूळ, साधारण ७.५ × १०⁻⁶ मोल प्रति लिटर. त्याचा सामू ५.१३.

म्हणजे एक लाख अमोनियम आयनांपैकी सात-आठ जणांनीच प्रोटॉन दिला. बाकीचे ९९,९९२ तसेच आहेत. एवढ्याशा देण्याने सामू जवळपास दोनने खाली आला, कारण शुद्ध पाण्यात मुळात H₃O⁺ अगदीच कमी असतात, लिटरला १०⁻⁷ मोल. आता ते पंच्याहत्तर पट झाले.

सोडियम ॲसिटेट बाटलीत बहुधा स्फटिकजल असलेलं मिळतं, तेव्हा पाव लिटरला ३.४ ग्रॅम घ्यावं लागतं. कोरडं, बिनपाण्याचं असेल तर २.०५ ग्रॅम. लेबल न वाचता वजन केलं तर इथेच गफलत होते. गणित हुबेहूब तेच, फक्त H₃O⁺ च्या जागी OH⁻. ॲसिटिक आम्लाचा स्थिरांकही योगायोगाने १.८ × १०⁻⁵ आहे, म्हणून OH⁻ ची तीव्रताही ७.५ × १०⁻⁶ येते आणि सामू ८.८७. एक आकडा सातच्या जितका खाली, दुसरा बरोबर तितकाच वर. मुलांना वाटतं हा निसर्गाचा नियम आहे. नाही, अमोनिया आणि ॲसिटिक आम्ल यांची जोडी तशी जुळली आहे एवढंच. धुण्याचा सोडा घ्या. कार्बोनेटला प्रोटॉनची ओढ ॲसिटेटपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून त्याच तीव्रतेच्या द्रावणाचा सामू साडेअकराच्या वर जातो. हळदीचं पाणी दोन्हींत टाकून बघा. सोड्यात ते गडद लाल होतं, ॲसिटेटमध्ये जेमतेम तांबूस.

सौम्य आम्लाचा आयन म्हणजे तीव्र आम्लारी, असं एक वाक्य फिरतं, तेही या आकड्यांपुढे टिकत नाही. ॲसिटेट तीव्र आम्लारी असता तर लाखात सात-आठ नव्हे, सगळ्यांनीच पाण्याचा प्रोटॉन ओढून घेतला असता. तो क्लोराइडपेक्षा बरी आम्लारी आहे, पण आहे सौम्यच.

अमोनियमचा प्रोटॉन सैल असतो हे मी पहिल्यांदा पाहिलं ते प्रयोगशाळेत नाही. लहानपणी आमच्या गल्लीत कल्हई करणारे आप्पा यायचे. जमिनीत खड्डा करून भट्टी पेटवायची, भात्याने वारा घालायचा, तांब्या-पितळेचं भांडं लाल होईस्तोवर तापवायचं. मग कापसाच्या बोळ्याने पांढरी पूड भांड्यात फिरवायची. दाट पांढरा धूर निघायचा, डोळे चुरचुरायचे आणि भांड्याचा काळपटपणा क्षणात जायचा. मग कथिल. "आप्पा, हे काय टाकता?" विचारलं तर म्हणायचे, "नवसागर शे, मळ काढस."

तो मळ म्हणजे तांब्याचं ऑक्साइड. तापलेल्या धातूवर नवसागर फुटतो, अमोनियमचा प्रोटॉन सुटून क्लोराइडकडे जातो आणि HCl वायू तयार होतो. तो ऑक्साइड खातो. धूर वर जाऊन थंड झाला की अमोनिया आणि HCl पुन्हा एकत्र येऊन पांढरा नवसागर होतो. इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वर मी म्हटलं की क्लोराइड प्रोटॉन घेत नाही, आणि कल्हईच्या भांड्यात तर तो घेतो! दोन्ही खरं आहे. कोरड्या तापलेल्या भांड्यात घ्यायला दुसरं कुणी नसतं. पाण्यात मात्र क्लोराइडपेक्षा चांगला घेणारा चारही बाजूंनी हजर असतो, तो म्हणजे पाणी. आम्ल काय आणि आम्लारी काय, शेजारी कोण आहे यावर ठरतं.

घरी पडताळायचं असेल तर चिमूटभर नवसागर आणि पानाचा चुना एका वाटीत थोड्या पाण्यावर कालवा आणि हाताने वास नाकाकडे घ्या, वाटीवर नाक धरू नका. अमोनियाचा झणका येतो. चुन्यातला OH⁻ अमोनियमचा प्रोटॉन काढून घेतो आणि अमोनिया मोकळा होतो. पाण्यात लाखात सात-आठ जण जे करतात, तेच चुन्यापुढे जवळपास सगळे करतात.

आता आमचे हिरवे कागद.

त्या दिवशी ऊर्ध्वपातित पाणी संपलं होतं. तासाला उशीर नको म्हणून मी बोअरचं पाणी वापरलं. आमच्याकडच्या बोअरचं पाणी जड आहे. किटलीत, बंबात, ठिबकच्या नळ्यांच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. तो थर कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि पाण्यात असताना तो बायकार्बोनेट म्हणून विरघळलेला असतो. बायकार्बोनेट प्रोटॉन घ्यायला तयारच बसलेलं असतं. समजा लिटरला चार मिलिमोल बायकार्बोनेट आहे. जड पाण्यात एवढं सहज असू शकतं. शुद्ध पाण्यात नवसागराने दिलेले प्रोटॉन होते लिटरला ०.००७५ मिलिमोल, म्हणजे घेणारे पाचशे पटींनी जास्त. अमोनियम अजूनही प्रोटॉन देतो, उलट घेणारा मिळाल्याने शुद्ध पाण्यातल्यापेक्षा जास्तच देतो, पण ते बायकार्बोनेट गिळतं आणि त्याचं कार्बोनिक आम्ल होतं. त्या पाण्याचा मूळ सामू साडेसात धरून हिशोब केला तर नवसागर घातल्यावर तो सातच्या जेमतेम खाली थांबतो. कागदावर हिरवाच.

ॲसिटेटचंही तसंच, फक्त उलट्या बाजूने. त्याच पाण्यात थोडा विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो. ॲसिटेटने प्रोटॉन ओढायला सुरुवात केली की तो आपले प्रोटॉन पुढे करतो, पाण्याला तुटावं लागत नाही आणि OH⁻ फारसा साचत नाही. सामू पावणेआठच्या आसपास अडकतो. दोन्ही क्षारांनी आपापलं काम केलं होतं. पाण्याने ते दिसू दिलं नाही.

ही चूक ओळखायची खूण सोपी आहे. क्षार घालण्याआधी नुसत्या पाण्याचा सामू बघायचा आणि मिठाचं पात्र नेहमी सोबत ठेवायचं. मिठाचाच कागद सातपासून सरकला असेल, किंवा आमच्यासारखे तिन्ही कागद मिठासारखेच हिरवे राहिले असतील, तर दोष पाण्यात आहे. यातही एक खोच आहे. बाटलीतलं ऊर्ध्वपातित पाणीसुद्धा उघडं राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन ५.६ पर्यंत उतरतं. त्यात नवसागर घातला तर आकडा पाचच्या आसपास येईल आणि आपण खूश होऊ, पण निम्म्याहून जास्त प्रवास क्षार पडण्याआधीच झालेला असतो. ॲसिटेट त्यात साडेआठच्या पुढे फारसा जात नाही. म्हणून पाणी दहा मिनिटं खळखळ उकळायचं, झाकून थंड करायचं, मगच वापरायचं. उकळायचं ते नुसतं पाणी, नवसागराचं द्रावण नाही. द्रावण बराच वेळ उकळलं तर अमोनिया वाफेबरोबर निघून जातो, मागे H₃O⁺ राहतात आणि द्रावण हिशोबापेक्षा जास्त आम्लधर्मी होतं.

एका मुलाचे वडील केळी लावतात. त्याने विचारलं, की अमोनियम सल्फेट टाकून जमिनीचा सामू उतरतो तो याच कारणाने का? बहुतेक जण हो म्हणतील. उत्तर नाही. लाखात सात-आठ प्रोटॉन जमिनीत कुठल्याकुठे विरून जातात, विशेषतः चुनखडीच्या जमिनीत. तिथे सामू उतरवतात ते जिवाणू. ते अमोनियमचं नायट्रेट करतात आणि प्रत्येक अमोनियममागे दोन प्रोटॉन बाहेर टाकतात. ते काम एका तासाचं नाही, आठवड्यांचं आहे. जलापघटन क्षणात होतं आणि तेवढ्यावरच थांबतं.

पुढच्या आठवड्यात उकळून झाकलेल्या पाण्यात प्रयोग पुन्हा केला. मीठ हिरवं, नवसागर पिवळट-नारिंगी, ॲसिटेट निळसर. तोच NaOH वाला प्रश्न विचारणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, दोन्ही एकत्र केले तर? अमोनियम ॲसिटेट?" कपाटात त्याची बाटली होती. पाव लिटरला १.९३ ग्रॅम घेऊन विरघळवलं आणि कागद बुडवला. हिरवा, मिठासारखाच.

"म्हणजे यात काहीच झालं नाही," मागच्या बाकावरून आवाज आला.

मग फळ्यावर हिशोब मांडला. इथे अमोनियमला प्रोटॉन द्यायचा आहे आणि ॲसिटेटला घ्यायचा आहे. मध्ये पाण्याला न तोडता ते एकमेकांतच देवघेव करतात. याचा स्थिरांक म्हणजे १०⁻¹⁴ भागिले १.८ × १०⁻⁵ चा वर्ग, साधारण ३.१ × १०⁻⁵, आणि त्याचं वर्गमूळ ०.००५६. म्हणजे लाखामागे साडेपाचशेच्या आसपास. नुसत्या नवसागरात हा आकडा सात-आठ होता. सत्तर पटींहून जास्त देवघेव झाली, पण देणारा आणि घेणारा सारख्या ताकदीचे असल्याने सामू सातवरून हलला नाही. ॲसिटिकच्या जागी दहापट तीव्र असलेलं फॉर्मिक आम्ल असतं, तर फॉर्मेटची ओढ कमी पडून तो साडेसहावर आला असता.

फळ्याजवळ मिठाचं आणि अमोनियम ॲसिटेटचं पात्र शेजारी ठेवलं. दोन्ही कागद एकाच हिरव्या रंगाचे. एकात काहीच घडलेलं नव्हतं, दुसऱ्यात चारही पात्रांमध्ये सगळ्यात जास्त घडलेलं होतं.